ओल्या मालाची किंमत: गोदामात पाणी शिरल्यावर साठ्याचं मूल्य कसं घटवायचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर पडल्या तेव्हा कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीतली कितीतरी गोदामं पाण्यात गेली. त्यापूर्वी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई-भिवंडीच्या साठवणुकीच्या व्यवसायाला पाण्याचा मोठा फटका बसला. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ धुऊन काढली. प्रत्येक वेळी पाणी ओसरल्यावर व्यापाऱ्यांसमोर आणि त्यांच्या हिशेब तपासनिसांसमोर तोच प्रश्न आला. माल गेलेला नाही, गोदामातच आहे, पण पूर्वीचा राहिलेला नाही. मग वह्यांमध्ये त्याची किंमत किती धरायची?

आगीत जळलेल्या मालाबाबत हा प्रश्न बराच सोपा असतो. राख विकली जात नाही, त्यामुळे तोटा पूर्ण असतो. पाणी मात्र माल अर्धवट सोडून जातं. थप्पीचे खालचे थर चिखलात, मधले दमट, वरचे कोरडे. एकाच कोडखाली, एकाच दराने खरेदी झालेल्या मालाच्या एका रात्रीत तीन-चार वेगळ्या किमती होतात. हिशेबशास्त्रात त्यावर एक जुना नियम आहे: साठा त्याच्या खर्चाच्या किमतीला किंवा विक्रीतून निव्वळ जे हाती येईल त्या किमतीला, यांपैकी जी कमी असेल त्या किमतीला दाखवायचा. या दुसऱ्या किमतीला सीए मंडळी ‘एनआरव्ही’ म्हणतात. नियमाबद्दल आज कुणाचं दुमत नाही. तो भिजलेल्या मालाला लावताना मात्र किमान चार ठिकाणी मतं फुटतात.

नियम कुठून आला

ही कल्पना आधुनिक नाही. फ्रेंच लेखक झाक सावारी याने १६७५ मध्ये व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात, खराब झालेला किंवा चलनातून गेलेला माल वार्षिक यादीत कमी किमतीला लिहावा, असं सांगितलं होतं. कारण व्यावहारिक होतं. यादीतली किंमत फुगलेली असेल तर व्यापारी स्वतःलाच श्रीमंत समजून बसतो आणि सावकारांनाही तसंच भासवतो.

भारतात या नियमाला न्यायालयीन बळ मिळालं ते १९५३ मध्ये. चैनरूप संपतराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अखेरचा साठा खर्च किंवा बाजारभाव यांपैकी कमी किमतीला धरणं ही मान्य व्यापारी पद्धत आहे; अपेक्षित तोटा हिशेबात घेता येतो, अपेक्षित नफा घेता येत नाही. पुढे १९८१ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सने साठ्याच्या मूल्यांकनाचं ‘एएस २’ हे मानक आणलं आणि १९९९ पासून ते सुधारित रूपात लागू झालं. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने ‘इंड एएस २’ लागू झालं, जे आंतरराष्ट्रीय मानकाला जवळचं आहे. दोन्हींमध्ये व्याख्या एकच: व्यवसायाच्या सर्वसाधारण ओघात अपेक्षित विक्री किंमत, त्यातून माल पूर्ण करण्याचा आणि विकण्यासाठी लागणारा अंदाजे खर्च वजा. माल खराब झाला असेल तर खर्चाची किंमत कदाचित वसूल होणार नाही, हेही दोन्ही मानकं स्पष्ट सांगतात.

इथे एक भेद नीट ध्यानात ठेवावा लागतो. पुराने वाहून गेलेला माल साठ्यात उरतच नाही, म्हणून तो सरळ तोटा. भिजून मागे राहिलेला माल साठ्यातच असतो, त्याचं फक्त मूल्य घटतं. दोन्हींची नोंद त्याच काळाच्या खर्चात होते. पण पुरावा वेगळा लागतो, कराचे परिणाम वेगळे असतात, आणि पुढचे बहुतेक वाद या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

थप्पीत काय घडतं

चर्चा हवेत राहू नये म्हणून इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावातलं कोऱ्या कापडाचं गोदाम डोळ्यांसमोर ठेवू. मागावरून उतरलेलं, अजून धुलाई-रंगाई न झालेलं हे सुती कापड ताग्यांच्या किंवा गाठींच्या रूपात रचलेलं असतं. त्याच्या ताण्याला सायझिंगमध्ये खळ लावलेली असते. ही खळ बहुधा स्टार्चची, म्हणजे बुरशीचं आवडतं अन्न. कापड भिजलं आणि दोन दिवसांत सुटं करून वाळवलं नाही, तर बुरशी धरायला वेळ लागत नाही. सूत पाणी ओढून घेतं, त्यामुळे पुराची रेघ भिंतीवर जिथे दिसते त्याच्याही वरच्या ताग्यांपर्यंत ओल चढलेली असते. बाहेरून कोरडा दिसणारा तागा आतून दमट निघतो.

पाणी कोणतं, यानेही फरक पडतो. टाकी फुटून आलेलं स्वच्छ पाणी आणि नदीचं गाळाचं पाणी एकसारखं नाही. गाळातलं लोह आणि गाठीच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज कापडावर बसतो. डाग धुऊन फिका पडला तरी लोहाचे कण धाग्यात राहतात. पुढे प्रोसेस हाउसमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीचिंग होताना हेच लोह रासायनिक क्रिया भडकवतं आणि कापडाला बारीक छिद्रं पडतात. म्हणजे नुकसान झालेलं असतं ऑगस्टमध्ये, पण दिसतं कापड शिजवलं जातं तेव्हा.

म्हणून मूल्य घटवण्याचं खरं काम संगणकासमोर नाही, गोदामाच्या फरशीवर होतं. थप्पी थरानुसार उतरवायची, प्रत्येक तागा उलगडून पाहायचा, ओलावा मोजायचा, लॉट क्रमांकासह याद्या करायच्या, तारखेचे फोटो काढायचे आणि प्रत्येक गटातला नमुना प्रोसेस हाउसकडे चाचणीला पाठवायचा. सहा महिन्यांनी तपासनीस आकड्याचा आधार विचारतो तेव्हा पहिल्या आठवड्यातली ही कागदपत्रंच हाताशी असतात. ती नसतील तर ‘अंदाजे ३० टक्के धरले’ एवढंच सांगता येतं आणि ते कुणालाच पटत नाही.

एक हिशेब

गोदामात एक लाख मीटर कापड आहे, खर्च मीटरला ४० रुपये, म्हणजे वह्यांत ४० लाख, असं धरू. नेहमीचा विक्री दर ४४ रुपये, आणि दलाली-वाहतुकीचा खर्च मीटरला १ रुपया. हे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, पण छाननीनंतर मालाचे जे तीन गट पडतात ते प्रत्यक्षातही बहुधा असेच असतात.

वरच्या थरांतलं ६०,००० मीटर कापड खरोखर कोरडं निघालं. त्यातून मीटरला निव्वळ ४३ रुपये मिळू शकतात, खर्च ४० आहे, म्हणून ते ४० रुपयांनीच राहतं: २४ लाख.

मधलं २५,००० मीटर भिजलं, पण वेळेत सुटं झालं. प्रोसेस हाउस ते गडद रंगासाठी ३२ रुपयांना घ्यायला तयार आहे. उलगडणं, वाळवणं, पुन्हा तपासणं याला मीटरला ३ रुपये लागणार आणि विक्रीला १ रुपया. उरले २८. या गटाची किंमत १० लाखांवरून ७ लाखांवर येते.

तळाचं १५,००० मीटर चिखलात बसलं आणि त्यावर बुरशी धरली. ते मीटरवर विकलं जाणार नाही. मीटरचं वजन १२० ग्रॅम धरलं तर १,८०० किलो होतात, चिंध्यांच्या भावाने किलोला २० रुपये म्हणजे ३६,००० रुपये. हमाली-वाहतूक ६,००० वजा जाता ३०,००० रुपये हाती येतात. खर्च होता ६ लाख.

तेव्हा साठा ४० लाखांवरून ३१ लाख ३० हजारांवर येतो आणि ८ लाख ७० हजार रुपये खर्चात जातात. पुढचे सगळे मतभेद याच आकड्यांवर उभे राहतात.

पहिला मतभेद: तागा की ढीग

मानक सांगतं की तुलना शक्यतो वस्तूगणिक करावी. एकमेकींसारख्या किंवा परस्परसंबंधित वस्तूंचा गट काही परिस्थितीत चालतो. हिशेबातल्या सगळ्या कापडाचा एकच गट धरला तर? कोरड्या मालाचे २५ लाख ८० हजार, मधल्याचे ७ लाख, तळाचे ३० हजार, बेरीज ३३ लाख १० हजार. मूल्यघट ८ लाख ७० हजारांऐवजी ६ लाख ९० हजार येते. फरक १ लाख ८० हजारांचा, आणि तो म्हणजे कोरड्या कापडावरचा अजून न झालेला नफा, जो ओल्या कापडाच्या तोट्यातून वजा झाला.

गटाच्या बाजूने मांडलं जाणारं म्हणणं हलकं नाही. कापडाचा दर्जा, रुंदी, धाग्याची जात एकच. खरेदीचा कोडही एक. वर्षानुवर्षं मूल्यांकन त्याच कोडनुसार होत आलं आहे, तर केवळ पूर आला म्हणून मोजण्याचं एकक का बदलावं? हजारो वस्तू असलेल्या गोदामात थरागणिक हिशेब ठेवणं खर्चिकही असतं.

दुसरी बाजू म्हणते की भिजल्यावर तो माल ‘सारखा’ राहिलाच नाही. त्याचा ग्राहक वेगळा, दर वेगळा, पुढची प्रक्रिया वेगळी. शिवाय वेगळं मोजणं शक्य नसेल तेव्हाच गट करावा, असा मानकाचा रोख आहे, आणि इथे तर माल प्रत्यक्ष वेगळा काढून ठेवलेला आहे. तपासनिसांमध्ये आज हेच मत वरचढ आहे आणि या मुद्द्यावर ते अधिक सबळ वाटतं. चैनरूपमधलं तत्त्व, म्हणजे न झालेला नफा हिशेबात घ्यायचा नाही, गटाच्या पद्धतीने मागच्या दाराने मोडलं जातं.

कच्च्या मालाबाबत आणखी एक अडचण आहे. कच्चा माल ज्या पक्क्या मालात जाणार, तो खर्चाला किंवा त्याहून अधिक दराला विकला जाणार असेल, तर कच्च्या मालाचं मूल्य घटवू नये, असं मानक सांगतं. काही कारखाने याच आधारावर भिजलेल्या सुताची किंमत कायम ठेवतात. पण ही सवलत बाजारभाव पडण्याच्या परिस्थितीसाठी आहे. भिजलेलं सूत त्या पक्क्या मालात वापरताच येणार नसेल तर तिचा आधार उरत नाही, आणि वापरता येत असेल तर तसा चाचणी अहवाल दाखवावा लागतो.

दुसरा मतभेद: कोणता दर, कोणता खर्च

व्याख्येत ‘व्यवसायाच्या सर्वसाधारण ओघात’ असे शब्द आहेत. कापड व्यापारी चिंध्या विकत नाही. पुरानंतर आठवड्याभरात दारात आलेला भंगारवाला जो ठोक भाव देतो, तो सर्वसाधारण ओघातला म्हणायचा का? एका मतानुसार नाही; घाईचा, अडचणीतला भाव धरला तर तोटा फुगतो, म्हणून माल वाळवून, निवडून, सावकाश विकल्यास जो दर येईल तो धरावा. दुसऱ्या मतानुसार खराब मालाचा सर्वसाधारण ओघ हाच असतो: अशा मालाचा बाजार, त्याचे नेहमीचे खरेदीदार आणि त्यांचे दर. कंपनी सावकाश विकणार असं म्हणत असेल तर तिच्याकडे तेवढी जागा, तेवढे पैसे आणि तेवढा वेळ आहे का, हे पाहावं लागतं. बँकेचा हप्ता तोंडावर असलेल्या व्यापाऱ्याचा सहा महिन्यांनंतरचा दर हा अंदाज नसून इच्छा असते.

काही मालाला दर असूनही तो विकता येत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेलं खाद्यान्न किंवा औषधं बाजारात जाऊ देता येत नाहीत. नामांकित ब्रँडही आपल्या नावाचा डागी माल स्वस्तात फिरू नये म्हणून तो नष्ट करण्याचा आग्रह धरतात. अशा वेळी वह्यांतलं मूल्य शून्यावर येतं, उलट विल्हेवाटीचा खर्चच अंगावर पडतो. विमा कंपनी मात्र तो माल विकला असता तर इतके आले असते, असं म्हणून तेवढी रक्कम दाव्यातून वजा करू पाहते. एकाच मालाच्या दोन कागदांवर दोन किमती दिसतात, आणि दोन्हींचा हेतू वेगळा असल्याने दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

खर्चाच्या बाजूवर थोडी स्पष्टता जून २०२१ मध्ये आली. आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने सांगितलं की विक्रीसाठी ‘आवश्यक’ असलेला सर्व खर्च वजा करायचा. केवळ त्या विक्रीमुळे वाढलेला जादा खर्च तेवढा धरून चालणार नाही. पण कोणता खर्च आवश्यक, हे ठरवणं कंपनीवरच सोपवलं. पडून राहिलेल्या ओल्या मालाचं तीन महिन्यांचं गोदामभाडं आवश्यक मानायचं का? यावर पद्धती अजूनही वेगवेगळ्या आहेत.

वाळवणीच्या ३ रुपयांत मात्र एक चूक वारंवार होते. वरच्या हिशेबात हे ३ रुपये मधल्या गटाच्या किमतीतून आधीच वजा झाले आहेत. पुढच्या महिन्यात मजुरी प्रत्यक्ष दिली जाते तेव्हा लेखापाल ती पुन्हा खर्चात टाकतो आणि कापड २८ रुपयांवरच ठेवतो. मीटरला ३ रुपयांचा तोटा दोनदा मोजला गेला. २५,००० मीटरवर ७५,००० रुपये. वाळवून झालेल्या कापडाला आता फक्त विक्रीचा १ रुपया लागणार असतो, म्हणजे त्यातून ३१ रुपये येणार असतात आणि वह्यांतही ते तेवढ्यालाच दिसायला हवं. ही चूक पकडणं सोपं आहे: पुढे तो माल विकला जातो तेव्हा ‘नफा’ नेमका वाळवणीच्या खर्चाएवढा निघतो.

तिसरा मतभेद: कोणत्या वर्षाचा तोटा

आपल्याकडे हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. त्या वेळी मागच्या वर्षाच्या ताळेबंदावर अनेकदा सह्या व्हायच्या असतात. मग तोटा मागच्या वर्षात घ्यायचा का? इथे उत्तर ठाम आहे. ३१ मार्चला माल कोरडा होता, म्हणून त्या दिवशीच्या आकड्याला हात लावायचा नाही. घटना मोठी असेल तर तिची माहिती द्यायची: ‘इंड एएस’ लागू असेल तर टिपांमध्ये, ‘एएस ४’ लागू असेल तर संचालकांच्या अहवालात.

खरी अडचण मार्चच्या अखेरीस आलेल्या पाण्याची. समजा २५ मार्चला छतावरची टाकी फुटली, ३१ मार्चला माल वाळत घातलेला होता आणि ठीक दिसत होता, आणि मे महिन्यात ब्लीचिंगमध्ये छिद्रं पडली. हे नुकसान मार्चचं की मेचं? बहुतेक तपासनीस म्हणतील, मार्चचं. तारखेनंतरची विक्री आणि तपासणी त्या तारखेच्या स्थितीचा पुरावा देते, तेव्हा आकडा बदलायला हवा. पण एप्रिलमध्ये ओला माल नीट न हलवल्यामुळे बुरशी वाढली असेल, तर तो भाग नव्या वर्षाचा. दोन्ही कारणं एकाच ताग्यात मिसळलेली असली की ते वेगळं करणं प्रयोगशाळेलाही जड जातं, आणि इथे निव्वळ मानक वाचून उत्तर मिळत नाही.

पूर पावसाळ्यात आला तर ३१ मार्चपर्यंत बराच माल विकलेला असतो, अंदाजाची गरज कमी होते. पण त्याआधी दोन ठिकाणी आकडा द्यावाच लागतो. सूचिबद्ध कंपन्यांना सप्टेंबर तिमाहीच्या निकालांत, आणि छोट्या व्यापाऱ्याला दर महिन्याला बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये. त्या स्टेटमेंटवर कॅश क्रेडिटची मर्यादा ठरते. मूल्य लगेच घटवलं तर मर्यादा नेमकी पैशाची सर्वाधिक गरज असताना आकसते. न घटवलं तर नसलेल्या तारणावर बँकेचे पैसे उचलले जातात. व्यापाऱ्याची कोंडी खरी आहे. पण त्यातून वाट काढायची तर बँकेला लेखी कळवून मुदत मागता येते, ओला माल कोरड्या भावाने दाखवणं हा मार्ग नाही.

चौथा मतभेद: विमा आणि कर

‘विमा आहे, मग मूल्य घटवायचं कशाला?’ असं बाजारात सर्रास ऐकू येतं. त्यामागे तर्क आहे: व्यापाऱ्याच्या दृष्टीने माल आणि दावा मिळून त्याची मालमत्ता शाबूत असते. पण दाव्याचे पैसे म्हणजे मालाची विक्री किंमत नव्हे. म्हणून मानकांनुसार मूल्यघट आधी पूर्ण नोंदवायची आणि दाव्याची रक्कम वेगळी, तीही मिळणं जवळजवळ निश्चित झाल्यावर. ‘जवळजवळ निश्चित’ कधी होतं, यावर मतं आहेत. कुणी सर्व्हेअरच्या अंतिम अहवालावर थांबतो, कुणी विमा कंपनीच्या लेखी मंजुरीवर. दुसरं अधिक सुरक्षित. कारण वाद बहुधा सर्व्हेअरच्या अहवालानंतर सुरू होतात. उदाहरणातल्या मालाचा विमा ४० ऐवजी ३० लाखांचा असेल तर सरासरीच्या कलमामुळे ८ लाख ७० हजारांच्या तोट्यावर पाऊणच दावा बसतो, म्हणजे साधारण साडेसहा लाख, आणि त्यातूनही व्यापाऱ्याने सोसायचा हिस्सा वजा होतो. पूर्ण रक्कम येईल असं धरून दाखवलेला नफा पुढच्या वर्षी उलटवावा लागतो.

प्राप्तिकराच्या हिशेब मानकात हाच उंबरठा थोडा खाली आहे. तिथे परतफेड ‘वाजवी निश्चित’ झाली की धरावी लागते. परिणामी वह्यांमध्ये अजून न आलेला दावा करासाठी मात्र आधीच उत्पन्न ठरू शकतो. मूल्यघटीला कर खात्याची तत्त्वतः हरकत नसते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम १४५ए आणि संबंधित मानक खर्च व एनआरव्ही यांतली कमी किंमतच सांगतात. भांडण होतं ते पुराव्यावर. मुंबई उच्च न्यायालयासमोरच्या अल्फा लावल (इंडिया) प्रकरणात जुना, निरुपयोगी साठा खर्चाच्या १० टक्क्यांवर आणला होता, आणि पुढच्या वर्षी तो त्याहूनही कमी दराला विकला गेल्याने करदात्याची बाजू भक्कम झाली. याउलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये थॉर पॉवर टूल प्रकरणात व्यवस्थापनाच्या निव्वळ अंदाजावर साठ्याचं मूल्य घटवणं नाकारलं. देश वेगळे आणि कायदे वेगळे, तरी दोन्ही निकालांत विक्रीचा किंवा दराचा बाहेरचा पुरावा निर्णायक ठरला.

जीएसटीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कलम १७(५)(एच) सांगतं की हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर खरेदीचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. वाहून गेलेल्या गाठींबाबत वाद नाही. पण तळाचे १५,००० मीटर कापड ६ लाखांवरून ३० हजारांवर आणलं, ते निर्लेखित केलं असं म्हणायचं का? जुन्या सेनव्हॅट नियमांतल्या नियम ३(५बी) मध्ये मूल्य ‘पूर्ण किंवा अंशतः’ निर्लेखित केल्यास, एवढंच नव्हे तर तशी तरतूद केल्यासही, क्रेडिट परत करावं लागे. जीएसटी कायद्यात ‘अंशतः’ हा शब्द आणलेला नाही. व्यापाऱ्यांची बाजू म्हणते की हा शब्द मुद्दाम वगळला आहे. माल अस्तित्वात आहे, तो विकून त्यावर कर भरला जाणार आहे, मग क्रेडिट जायचं कारण नाही. खात्याच्या बाजूने असं म्हणता येतं की ९५ टक्के मूल्य घटवलेला माल व्यवहारात निर्लेखितच असतो, आणि नाममात्र किंमत ठेवून कलमातून सुटू देता येणार नाही. कायद्याचे शब्द पाहता व्यापाऱ्यांचं म्हणणं अधिक टिकाऊ दिसतं, पण कुठल्या टक्केवारीनंतर घट हे निर्लेखन होतं हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून अनेक सल्लागार चिंध्यांच्या विक्रीचं करासह बिल जपून ठेवायला सांगतात, कारण माल नष्ट झाला नव्हता याचा तोच सर्वात थेट पुरावा.

किंमत परत वाढली तर

मधल्या गटातलं १०,००० मीटर कापड मार्चअखेर पडून आहे आणि वाळवणीनंतर वह्यांत ३१ रुपयांना आहे, असं धरू. चाचणीत ते अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं आणि ३६ रुपयांची पक्की मागणी आली. विक्रीखर्च जाता ३५ रुपये मिळणार. ‘इंड एएस २’ मूळ खर्चाच्या, म्हणजे ४० रुपयांच्या मर्यादेत घट उलटवायला सांगतं. इथे ४०,००० रुपये परत येतात. ‘एएस २’ उलटवण्याबद्दल वेगळं काही बोलत नाही, पण दर ताळेबंदाच्या तारखेला किंमत नव्याने पाहायला सांगतं, म्हणून व्यवहारात परिणाम बहुधा तोच येतो. अमेरिकेत मात्र घटवलेली किंमत हाच नवा खर्च मानला जातो, आणि पुढच्या वर्षी दर वाढला तरी विक्री होईपर्यंत थांबावं लागतं.

अमेरिकी पद्धतीत एक सोय आहे: पुराच्या वर्षी तोटा मुद्दाम फुगवून पुढच्या वर्षी तो नफा म्हणून सोडता येत नाही, निदान माल विकेपर्यंत तरी. आपल्या पद्धतीत ताळेबंद वास्तवाच्या जवळ राहतो, पण पहिल्या घटीत किती तथ्य होतं हे तपासण्याची जबाबदारी तपासनिसावर येते. त्यासाठी घटीची आणि उलटवलेली रक्कम वेगवेगळी, कारणासह दाखवणं ‘इंड एएस’मध्ये बंधनकारक आहे. ‘एएस २’ पाळणाऱ्या हजारो लहान कंपन्यांच्या ताळेबंदात मात्र दोन्ही रकमा ‘साठ्यातील बदल’ या एकाच ओळीत विरघळतात, आणि पूर येऊन गेलेल्या गावातल्या गोदामाचा ताळेबंद वाचणाऱ्या बँकेला किंवा पुरवठादाराला कापड किती भिजलं होतं आणि त्यातलं किती वाचलं, हे त्या ओळीवरून समजत नाही.